घरच्या गॅसवर खान्देशी भरीत, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

शेतात कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या भरिताची चव गॅसवर येत नाही, हे आधीच सांगतो. पण पुण्या-मुंबईत रूमवर राहणाऱ्या भावाने काड्या आणायच्या कुठून, म्हणून ही गॅसची पद्धत. अंदाज ३-४ माणसांचा.

सामान: १ किलो भरिताची वांगी, ८-१० हिरव्या मिरच्या, लसणाच्या १२-१५ पाकळ्या, कांद्याच्या पातीची जुडी, मूठभर शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप, कोथिंबीर, जिरं, मीठ, तेल.

१. वांगी मोठी, हिरवी-पांढरी घ्या. जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये जीआय टॅग मिळालाय, पण बाजारात टॅग बघून काही कळत नाही भो, हातात उचलून बघा. आकाराच्या मानाने हलकं लागलं तर बिया कमी, जड लागलं तर राहू द्या. हिरवं नाहीच मिळालं तर मोठं जांभळं चालवून घ्या.

२. धुऊन कोरडी करा, सुरीने चार-पाच ठिकाणी टोचा (हे विसरायचं नाही, नाहीतर भाजताना फुटतं न् सगळा गॅस खराब), वरून तेलाचा हात फिरवा.

३. मध्यम आचेवर थेट बर्नरवर ठेवा आणि चिमट्याने फिरवत राहा, एका वांग्याला १५-२० मिनिटं धरून चाला. साल काळी पडली की झालं असं समजू नका, देठाजवळ सुरी खुपसून बघा, लोण्यासारखी आत गेली पाहिजे. बहुतेकांचं भरीत इथंच बिघडतं, देठाकडचा भाग कच्चा राहतो, मग खाताना कचकच लागतं.

४. ताटात काढून १० मिनिटं झाका. मग साल सोला. नळाखाली धरून सोलायचं नाही, सगळा धुराचा वास वाहून जातो. बोटं ओली करून घ्या, तेवढं पुरे.

५. मिरच्या थोड्या तेलावर तव्यात डाग पडेपर्यंत भाजा, त्यात लसूण परता, मिठासोबत जाडसर ठेचा. मग त्यातच वांगं घालून ठेचा. आमच्याकडे हे काम लाकडी बडगीत होतं, तुमच्याकडे पातेलं आणि वरवंटा असेल तरी चालतं. मिक्सर मात्र नको, चिकट लगदा होतो.

६. कढईत ४ मोठे चमचे तेल. कमी वाटलं तर वाढवा, तेलाला घाबरणाऱ्याने भरीत करू नये. शेंगदाणे तळा, मग खोबरं, ते लगेच लाल होतं म्हणून नजर हटवू नका. जिरं टाका, पात घालून एक मिनिट परता.

७. ठेचलेलं वांगं घाला, ५ मिनिटं परता, तेल कडेने सुटलं की कोथिंबीर टाकून गॅस बंद. हळद, गरम मसाला, टोमॅटो काही नाही.

८. कळण्याची पुरी किंवा भाकरी सोबत घ्या, ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ ते कळणं. नाहीच मिळालं तर ज्वारीची भाकरी, वर कच्चं तेल आणि कच्ची पात.