सोडवलेले उदाहरण: तीन सिंगलेट आणि दोन दावेदार

एका अज्ञात रंगहीन द्रवाची रचना ओळखायची आहे. वर्णपटांतील नोंदी अशा:

मास: m/z 150 (28%), 151 (2.8%), 108 (100%), 91, 43. उच्च विभेदनात 150.068.
आयआर (शुद्ध द्रवाचा पातळ थर): 3035, 2955, 1743, 1498, 1455, 1230, 1027, 750, 698 cm⁻¹.
प्रोटॉन एनएमआर (CDCl₃): δ 7.35, 5.10, 2.09, तिन्ही सिंगलेट. इंटिग्रेशनच्या पायऱ्या 25.5, 9.6 आणि 14.4 मिमी.

सुरुवात सूत्रापासून करू. 151 चे शिखर 150 च्या 10% आहे. दर कार्बनमागे 1.1% धरल्यास 9 कार्बन येतात. इतक्या छोट्या शिखरावरून एखादा कार्बन इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून अचूक वस्तुमानाशी ताडून पाहायचे: C₉H₁₀O₂ साठी 150.0681, तर C₁₀H₁₄O साठी 150.1045. पहिलेच जुळते. असंपृक्तता 9 − 10/2 + 1 = 5. बेंझीन वलयाचे 4, कार्बोनिलचा 1, हिशेब पूर्ण.

आयआरमध्ये 3200–3600 चा रुंद पट्टा नाही, म्हणजे OH नाही. 1743 आणि 1230 मिळून साधे एस्टर सुचवतात. कार्बोनिल थेट वलयाला जोडलेला असता तर पट्टा 1720 च्या आसपास उतरला असता; त्यामुळे एथिल बेंझोएट इथेच मागे पडते. एनएमआरमध्ये क्वार्टेट-ट्रिप्लेटची जोडीही नाहीच. 750 आणि 698 एकप्रतिस्थापित वलयाचे.

आता इंटिग्रेशन. इथे बरेच जण सर्वांत लहान पायरीने भागतात, 2.66 : 1 : 1.5 मिळवतात आणि 6 : 2 : 3 लिहून मोकळे होतात. पण 11 हायड्रोजन? फक्त C, H, O असलेल्या रेणूत हायड्रोजन विषम येऊच शकत नाहीत. 2.09 चे सिंगलेट CH₃ धरा: 14.4 ÷ 3 = 4.8 मिमी प्रति हायड्रोजन. मग 9.6 म्हणजे 2H आणि 25.5 म्हणजे 5.3H. वरचा 0.3 हा 7.26 वरच्या उरलेल्या CHCl₃ चा. तो वलयाच्या शिखराला चिकटून मोजला गेला.

तर तुकडे C₆H₅, CH₂, CH₃ आणि COO. दावेदार दोन: C₆H₅CH₂COOCH₃ आणि C₆H₅CH₂OCOCH₃. दोन्हींत 5 : 2 : 3, दोन्हींत सिंगलेट, कार्बोनिलही जवळपास त्याच जागी. फरक सरकण्याचा. मिथिल फेनिलॲसिटेटमध्ये OCH₃ 3.7 ला आणि CH₂ 3.6 ला, अगदी शेजारी शेजारी दिसले असते. इथे CH₂ 5.10 ला आहे, म्हणजे एका बाजूला वलय, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन, आणि 2.09 हा कार्बोनिललगतचा CH₃.

मासमध्ये 91 दिसताच पहिल्या दावेदारावर शिक्का मारण्याचा मोह होतो. पण बेंझिल दोघांतही आहे. निर्णायक शिखर 108. नायट्रोजन नसताना सम वस्तुमानाच्या आयनातून सम वस्तुमानाचाच तुकडा निघाला, तर साधा बंध तुटलेला नसतो. पुनर्रचना होऊन अख्खा रेणू बाहेर पडलेला असतो. 150 − 108 = 42, म्हणजे कीटीन, CH₂=C=O. मागे उरतो बेंझिल अल्कोहोलचा आयन. 43 हा CH₃CO⁺. मिथिल फेनिलॲसिटेट 59 गमावून सरळ 91 वर आले असते.

उत्तर: बेंझिल ॲसिटेट, C₆H₅CH₂OCOCH₃. बाटली उघडल्यावर जाईचा वास आला असता, पण वासाला गुण नाहीत.