शनिवारच्या पाच तक्रारी, नव्याने लिहिलेली उत्तरं

प्रणाली,

काल रात्री मंजुरीसाठी आलेले तुझे पाच मसुदे मी पुढे जाऊ दिले नाहीत. ग्राहकांपर्यंत त्यातलं काहीही पोचलेलं नाही, त्यामुळे काळजी करू नकोस. नवतपा सुरू आहे, फोन खाली ठेवता येत नाही, दोन टेक्निशियन उन्हाने आजारी पडलेत. अशा दिवशी शब्द तिखट होतात, हे मला समजतं. पण पलीकडचा माणूसही त्याच उन्हात, बंद कूलरसमोर बसलेला आहे.

पाचही उत्तरं खाली नव्याने लिहिली आहेत. आपला एकही नियम मी सैल केलेला नाही, हवं तर ताडून बघ. लिहिताना एक गोष्ट मात्र लक्षात आली: चिडून लिहिलं की ग्राहकाच्या विरुद्ध जाणारा नियमच तेवढा आठवतो, त्याच्या बाजूचा राहून जातो. तीन ठिकाणी तसंच झालंय.

इतवारी, कूलरला करंट

ग्राहक: "कूलरले हात लावला का झिणझिण्या येतात. पोरं घरात आहेत. माणूस पाठवा."

तुझा मसुदा: "घरातली वायरिंग ही आमची जबाबदारी नाही. इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या."

याला उत्तर लिहीत बसायचंच नाही, आधी फोन करायचा. मी रात्रीच केला, त्यांनी कूलर बंद केलाय. फोनवर बोललेलं लेखीही असावं म्हणून हे आत्ता लगेच पाठव:

"नमस्कार दादा. रात्री फोनवर बोलल्याप्रमाणे कूलर कृपया बंदच राहू द्या. कूलरला किंवा टाकीतल्या पाण्याला हात लावू नका, मुलांना त्या बाजूला जाऊ देऊ नका. प्लग अजून काढला नसेल तर आधी कोरड्या हाताने भिंतीवरचं बटण बंद करा. बटण ओलं असेल किंवा कूलरच्या अगदी जवळ असेल तर घराचा मेन स्विच बंद करा आणि मगच प्लग काढा. मुलं घरात असताना असं झालं म्हणजे जीव किती घाबरला असेल, हे आम्हाला समजतं. करंटच्या तक्रारीला आमच्याकडे 72 तासांची मुदत लागत नाही, टेक्निशियन आज सकाळी 11 च्या आत येईल. तो पंप, मोटर आणि कूलरची वायर तपासेल. दोष कूलरमध्ये निघाला तर दुरुस्ती वॉरंटीत होईल. दोष घराच्या अर्थिंगमध्ये निघाला तर ते काम आम्ही करत नाही, ते परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं लागेल. पण नेमकं कुठे बिघडलंय ते आमचा माणूस तुम्हाला दाखवून आणि लिहून देईल. तपासणीचे पैसे नाहीत."

घराची वायरिंग आपली नाही, हा नियम इथेही आहेच. फक्त तो दुसऱ्या टोकाला गेलाय, आणि तिथेच त्याची जागा आहे.

नंदनवन, टेक्निशियन आला नाही

ग्राहक: "गुरुवारपासून सांगून राहिलो. घरात आठ महिन्याचं लेकरू आहे. रोज उद्या उद्या करता. येऊन राहिले का नाही, एकदाचं सांगा."

तुझा मसुदा: "सर, सीझनमध्ये 72 तास लागतात. तुम्ही एकटेच ग्राहक नाहीत. वाट पाहावी लागेल."

नवं उत्तर:

"नमस्कार दादा. आठ महिन्यांचं बाळ घरात असताना या उन्हात तीन रात्री कूलरशिवाय काढणं सोपं नाही. त्यात तुम्हाला दोनदा नुसतं 'उद्या' सांगितलं गेलं. तसं सांगायला नको होतं, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. तुमची तक्रार गुरुवारी संध्याकाळी 6 वाजता नोंदवली गेली. मे महिन्यात शहराच्या हद्दीत 72 तासांत भेट द्यायची असा आमचा नियम आहे आणि ती मुदत आज संध्याकाळी 6 वाजता संपते. लहान बाळ, आजारी किंवा वयस्क माणूस असलेल्या घरी आम्ही आधी जातो, म्हणून तुमची भेट आज दुपारी 12 च्या आत ठेवली आहे. निघताना टेक्निशियन स्वतः फोन करेल. कूलर वॉरंटीबाहेर असल्यामुळे भेटीचे 250 रुपये आणि लागलेल्या सामानाचे पैसे द्यावे लागतील. पण आम्ही 72 तासांची मुदत पाळली नाही, तर 250 रुपये घेतले जाणार नाहीत."

बाळ असलेलं घर यादीत वर घ्यायचं, हा नियम आपल्याच भिंतीवर लावलेला आहे. तक्रारीत बाळाचा उल्लेख पहिल्या दिवसापासून होता. "तुम्ही एकटेच ग्राहक नाहीत" हे वाक्य तर यापुढे कुणालाच लिहू नकोस. त्या माणसाला आपल्या बाकीच्या ग्राहकांशी काय करायचंय? मुदत कोणत्या दिवशी, किती वाजता संपते ते सांगितलं की त्याला किमान घरच्यांना सांगायला काहीतरी मिळतं.

मानेवाडा, ताट्यांना वास

ग्राहक: "वर्ष नाही झालं घेऊन अन् ताट्या सडल्या. वास येते घरभर. वॉरंटीत बदलून द्या."

तुझा मसुदा: "ताट्या वॉरंटीत येत नाहीत असे कार्डावर स्पष्ट लिहिले आहे. कार्ड नीट वाचावे."

नवं उत्तर:

"नमस्कार काकू. कूलर सुरू केला तर वास आणि बंद केला तर उकाडा, अशी तुमची पंचाईत झाली आहे. वूडवूलच्या ताट्या रोज भिजतात आणि वाळतात, त्यामुळे साधारण दर उन्हाळ्यात त्या बदलाव्याच लागतात. म्हणून त्या वॉरंटीत धरलेल्या नाहीत. पंप आणि मोटर मात्र 12 महिने वॉरंटीत आहेत, तुमच्या बिलाप्रमाणे 9 जूनपर्यंत. त्यात काही खडखड असेल तर आताच सांगा, मुदतीत काम होऊन जाईल. तीन ताट्यांचा संच आमच्याकडे 420 रुपयांना आहे, बाजारातून घेतलात तरी चालेल. तोवर टाकीतलं पाणी रोज बदला. बंद करताना आधी पंप बंद करून पंखा दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, म्हणजे ताट्या वाळतील आणि वास कमी होईल."

प्रतापनगर, कूलर परत घ्या

ग्राहक: "साडेचौदा हजार घालवले. खोलीत नुसता दमटपणा, अंग चिकट होते. तुमच्या माणसानं एसीसारखं गार होईल म्हटलं होतं. चार दिवस झाले. वापस घ्या, नाही तर ग्राहक मंचात जातो."

तुझा मसुदा: "हा कूलर आहे, एसी नाही. पाणी भरलेला कूलर वापस होत नाही. मंचात जायचे तर खुशाल जावे."

हा मसुदा सगळ्यात महागात पडला असता. बिघडलेला माल बिलावरच्या मुदतीत परत घ्यायला नकार देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. आपल्या बिलावर सात दिवस छापलेत आणि त्यांचा चौथाच दिवस आहे. माल बिघडलेला आहे की नाही हे तपासायच्या आधीच तू "वापस होत नाही" लिहिलंस. आपल्या विक्रेत्याने खरंच तसं सांगितलं का, हेही आपल्याला माहीत नाही. म्हणून ग्राहकाला खोटं पाडायचं नाही आणि न तपासता कबूलही करायचं नाही.

नवं उत्तर:

"नमस्कार साहेब. एवढे पैसे खर्च करून खोलीत चिकचिक होत असेल तर राग येणारच. दोन गोष्टी आम्ही लगेच करतो आहोत. पहिली, उद्या सकाळी 10 ते 12 दरम्यान टेक्निशियन येऊन पंप, पाण्याची धार आणि पंख्याचा वेग तपासेल, विनामूल्य. यात दोष निघाला तर बिलावरच्या सात दिवसांच्या मुदतीप्रमाणे कूलर बदलून घ्यायचा की पूर्ण पैसे परत घ्यायचे, हे तुम्ही ठरवायचं. दुसरी, विक्रीच्या वेळी तुम्हाला नेमकं काय सांगितलं गेलं याची आम्ही दुकानात चौकशी करत आहोत आणि मंगळवारपर्यंत तुम्हाला लेखी कळवू.

दरम्यान एक करून पाहा. कूलर पाण्याचं बाष्प करून हवा गार करतो. ती ओली हवा बाहेर गेली नाही तर खोलीतच साचते आणि अंग चिकट होतं. त्यामुळे कूलर खिडकीत, बाहेरची कोरडी हवा ओढेल असा ठेवा आणि समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवा. एसी लावताना आपण दारं-खिडक्या बंद करतो, कूलरला बरोबर उलटं लागतं.

तपासणीत कूलर निर्दोष निघाला तर मात्र वापरलेला कूलर आम्हाला परत घेता येणार नाही, कारण तो पुढे नवा म्हणून विकता येत नाही. हे आधीच सांगणं आम्हाला योग्य वाटतं. ग्राहक आयोगाकडे जाण्याचा तुमचा हक्क या सगळ्यात कुठेही कमी होत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे."

तू म्हणशील, हेल्पलाइनचा नंबर आपणच का द्यायचा? कारण आपला नियम सरळ आहे, त्याला लपवण्यासारखं काही नाही. आणि "खुशाल जा" म्हटलं की माणूस हमखास जातो.

कामठी, पोचवण्याचे 300 रुपये

या ग्राहकाने लिहिलेल्या शिव्या मी इथे उतरवत नाही. तू त्या तीन वेळा वाचल्यास, याचं मला वाईट वाटतं. तुझा मसुदा होता: "तोंड सांभाळून बोला, नाही तर तक्रार बंद करतो." तक्रार बंद करण्याचा अधिकार आपल्याला नाही, पण शिव्या ऐकून घेण्याची सक्तीही तुझ्यावर नाही. हे उत्तर माझ्या नावाने जाऊ दे:

"नमस्कार. ऐनवेळी 300 रुपये जास्त मागितले असं वाटून तुम्हाला संताप आला, हे लक्षात आलं. मोफत पोच नागपूर शहराच्या हद्दीपुरती आहे, कामठीसाठी 300 रुपये आकारले जातात आणि ते बिलाच्या दुसऱ्या ओळीत लिहिलेले आहेत. त्यामुळे ते परत करता येणार नाहीत. ही रक्कम बिल करताना तुम्हाला तोंडी सांगितली गेली नसेल तर तसं कळवा, मी दुकानात विचारणा करेन. तुमची तक्रार खुली आहे आणि खुलीच राहील. मात्र आमच्या सहकाऱ्यांशी शिवीगाळ करून बोलणं आम्ही स्वीकारत नाही. म्हणून यापुढचा व्यवहार फोनवर न होता लेखी होईल आणि तो मी स्वतः पाहीन."

या नंबरवरून पुन्हा फोन आला तर उचलू नकोस, माझ्याकडे वळव.

इतवारीचं आत्ता, नंदनवनचं दहाच्या आत, बाकीची तीन दुपारपर्यंत जाऊ दे. पाठवण्याआधी प्रतापनगरच्या बिलावरची तारीख पुन्हा एकदा बघून घे. आणि आज दुपारी दोन ते चार फोनवर मी बसते. तू जेवून घे, थोडी पड.