घरगुती बेकरी, वडगाव (बेळगाव): व्यवसायाचा आराखडा आणि ४०,००० रुपये हातउसने मिळण्याबाबत

ती. मामा आणि मामी यांस,

खानापूरला तोंडी बोलले होते, ते आज आकड्यांसह लिहून देते.

काम काय: बिनअंड्याचे केक आणि साजूक तुपातली नानकटाई, सगळं ऑर्डरप्रमाणे. कुंदा भरलेल्या केकला वाढदिवसांसाठी सर्वाधिक मागणी आहे. गिऱ्हाईक वडगाव, शहापूर, अनगोळचं.

अडचण: छोट्या ओटीजीत एका वेळी अर्ध्या किलोचा एकच केक बसतो. हातातलं बीटर दुसऱ्या घाणाला तापतं, ते निवेपर्यंत थांबावं लागतं. त्यामुळे शनिवार-रविवारच्या ऑर्डरी परत पाठवाव्या लागतात.

खर्च: ६० लिटरचा ओटीजी १३,०००, प्लॅनेटरी मिक्सर १७,०००, जुना फ्रीज ९,०००, साचे व खोकी ४,०००, पहिल्या महिन्याचा माल आणि एफएसएसएआय नोंदणी ७,०००. एकूण ५०,०००. त्यातले १०,००० माझ्याकडे साठले आहेत.

हिशेब: अर्ध्या किलोचा केक ३५० ला जातो. माल आणि खोकं १८०, उरले १७०. नानकटाई किलोला ४४०. तुपामुळे खर्च २८० वर जातो, उरतात १६०. डालडा घातला तर जास्त सुटेल, पण गिऱ्हाईक तुपाच्या वासासाठीच परत येतं, म्हणून ते करणार नाही.

सध्या आठवड्याला ६ केक आणि ४ किलो नानकटाई जाते. चार आठवड्यांचे ६,६४० सुटतात. पेट्रोल आणि वाया गेलेला माल वजा करता ५,५००. नवा ओटीजी आला की घरचा वापर गृहज्योतीच्या २०० युनिटांपुढे जाईल आणि पूर्ण बिल भरावं लागेल. त्याचे २,००० धरले आहेत. म्हणजे विक्री एका केकनेही वाढली नाही तरी हातात ३,५०० राहतात. हप्ता मी याच आकड्यावर ठरवला आहे. विक्री १२ केक आणि १० किलोवर गेली, तर सगळा खर्च जाऊन १०,५०० राहतील.

परतफेड: गणपती झाल्यावर पैसे मिळाले तर दसऱ्याआधी ओटीजी चालू होईल आणि दिवाळीची नानकटाई त्यातच निघेल. डिसेंबरपासून दर महिन्याच्या ५ तारखेला २,५०० तुमच्या खात्यावर, १६ महिने. तुम्ही व्याज नको म्हणाल, तरी सतरावा हप्ता मी देणारच.

धोका: पितृपक्षात केक जवळजवळ बंद असतात. जून-जुलैच्या पावसात नानकटाई मऊ पडते, म्हणून तेव्हा हवाबंद डब्यात आणि फक्त ऑर्डरपुरतीच करणार. मंद महिन्यांसाठी दिवाळी-नाताळच्या कमाईतून दोन हप्ते आधीच बाजूला काढून ठेवेन. धंदा नाहीच चालला तर मिक्सर आणि ओटीजी विकून आधी तुमचे पैसे देणार, उरलेले माझ्या शिकवण्यांतून.

हिशेबाची वही दर तीन महिन्यांनी दाखवायला घेऊन येईन. मामी, त्यात काही खटकलं तर मोकळेपणाने विचारा.

तुमची भाची