तक्रार अर्ज : बोलण्याच्या पद्धतीवरून व हेडफोनवरून होणारी टिंगल

प्रति,
संपर्क अधिकारी, समान संधी धोरण,
मुख्य कार्यालय, पुणे

दि. 24 मार्च 2025

महोदया,

मी देयक कक्षात वरिष्ठ लेखा सहायक आहे. मला ऑटिझम आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आपल्याकडे जमा आहे. आवाज कमी करणारा हेडफोन वापरणं आणि कामाच्या सूचना ईमेलने मिळणं या दोन सोयी 13 जानेवारीला आपण लेखी मंजूर केल्या. त्यांवरूनच आता माझी चेष्टा चालते.

4 मार्चच्या बैठकीत कक्षप्रमुखांनी "जुनी बिलं आधी काढा" असं तोंडी सांगितलं. मी विचारलं, "जुनी म्हणजे बिलाच्या तारखेने, की माल स्वीकारल्याच्या तारखेने?" ते म्हणाले, "रोबोटला प्रोग्राम लिहून द्या रे कुणीतरी." सात जण हजर होते, बहुतेक हसले. उत्तर मिळालं नाही. हा प्रश्न काथ्याकूट नव्हता. लघुउद्योगांना पैसे देण्याची कमाल 45 दिवसांची मुदत माल स्वीकारल्यापासून मोजतात, बिलाच्या तारखेपासून नाही. मी बिलाच्या तारखेने यादी लावली, दोन पुरवठादारांचे पैसे मुदतीनंतर गेले आणि 17 मार्चला लेखी समज मला मिळाली.

11 मार्चला कक्षाच्या व्हॉट्सॲप गटावर हेडफोन घातलेल्या माझ्या फोटोचं स्टिकर आलं: "मॅडम एअरप्लेन मोडवर". तेव्हापासून मी काही विचारलं की ते टाकलं जातं.

19 मार्चला दुपारी साधारण सव्वातीनला शेजारच्या सहकाऱ्याने "चालतो का बघू" म्हणत मागून माझ्या कानाजवळ जोरात टाळी वाजवली. मला अशा आवाजाने दचकायला होतं एवढंच नाही, त्यानंतर बराच वेळ आकडे वाचता येत नाहीत. त्या दिवशीची जुळवणी अपुरी राहिली. त्या जागेवर कॅमेरा आहे. चित्रण पुसलं जाण्याआधी कृपया राखून ठेवावं.

माझा आवाज सपाट असतो, मी नजरेला नजर देत नाही, हे कुणाला खटकलं तर माझी हरकत नाही. तसं एकट्यात सांगावं. तक्रार "रोबोट" म्हणून उडवलेल्या टिंगलीची, स्टिकरची आणि टाळीची आहे.

माझ्या मागण्या : स्टिकर काढून त्याचा वापर थांबवावा. बिलांचा क्रम कोणत्या तारखेने लावायचा हे ईमेलने कळवावं. 17 मार्चची समज चौकशी होईपर्यंत स्थगित ठेवावी. जाहीर माफी नको, तिच्यासाठी मला पुन्हा सगळ्यांसमोर उभं राहावं लागेल.

चौकशीचे प्रश्न आधी लेखी मिळावेत, मी लेखी उत्तरं देईन. कक्षप्रमुख माझं वार्षिक मूल्यमापन करतात. या वर्षी ते दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 21 प्रमाणे केलेल्या आपल्या धोरणाखाली हा अर्ज आहे. पोच व चौकशीची तारीख ईमेलने कळवावी.

सोबत : मंजुरीचा ईमेल, स्टिकरचे स्क्रीनशॉट, 17 मार्चचं समजपत्र.

आपली विश्वासू,
वरिष्ठ लेखा सहायक, देयक कक्ष
कर्मचारी क्रमांक 2147