शेंगाचटणीची बरणी, झाकणासह (चाकावर घडवलेली, मधरंगी झिलई)

सोलापुरात शेंगाचटणी संपत आली की आधी बरणीचा तळ खरवडला जातो, म्हणून हिचं तोंड मुद्दाम रुंद ठेवलंय. चमचा आणि चार बोटं सहज आत जातात. पाव किलो चटणी आरामात मावते. उंची साधारण ११ सेंमी, तोंड ८ सेंमी. प्रत्येक बरणी चाकावर वेगळी घडते, त्यामुळे दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होणारच.

माती सोलापूरची नाही, हे आधीच सांगतो. इथली काळी माती वाळताना भेगाळते. स्टोनवेअरची माती बाहेरून मागवतो, घडवणं आणि भाजणं इथं. पहिल्या भाजणीनंतर झिलईत बुडवून बरणी पुन्हा सुमारे १२२० अंशांवर भाजतो. मधाचा रंग झिलईतल्या लोहाचा. कडेवर थर पातळ होतो तिथे तो तांबूस दिसतो, खाली ओघळून साचतो तिथे गर्द तपकिरी. ओघळ कुठे थांबेल, ते भट्टीच ठरवते. फोटोतला ओघळ फोटोतल्या बरणीचा. तुमच्या बरणीचा वेगळा असेल.

आतून बोट फिरवलंत तर चाकावरच्या बोटांच्या गोल वळ्या लागतील. अंगावर काळे बारीक ठिपके असतील, ते मातीतल्या लोहाचे. बाहेरून एखादं टाचणीच्या टोकाएवढं छिद्रही दिसू शकतं. तळाच्या कडीला झिलई नाही, कारण वितळलेली झिलई भट्टीतल्या फळीला चिकटते. ही कोरी कडी तेलाच्या हाताने हळूहळू काळवंडते. आम्हाला ती तशीच आवडते.

झाकण बरणीवर ठेवूनच भाजतो, त्यामुळे ते एकाच बाजूने नीट बसतं. दोन्हींवर नखाने ओढलेली बारीक रेघ आहे. रेघेला रेघ जुळवा. झाकण हवाबंद नाही. पावसाळ्यात चटणी मऊ पडू नये असं वाटत असेल तर स्टीलचा डबाच बरा.

हाताची खूण म्हणून काहीही खपवायचं नाही, एवढं पथ्य पाळतो. बरणी डुगडुगली, ओठाला धार लागली, आत झिलई सुटलेली दिसली किंवा टिचकी मारल्यावर खणखणीत आवाज न येता बद्द आला, तर ती विकायला ठेवत नाही. नजरचुकीने आलीच, तर बदलून देऊ.

झिलईत शिसं नाही. लोणचंही चालेल. मायक्रोवेव्हमध्ये चालते, गॅसवर मात्र अजिबात ठेवू नका. फ्रिजमधून काढून लगेच उकळतं पाणीही ओतू नका. घासायला मऊ घासणी पुरे.

किंमत ६५० रुपये, पाठवणीसह. टॉवेलच्या मागावरच्या चिंध्यांत गुंडाळून पाठवतो. त्या फेकू नका, ओटा पुसायला उत्तम. वाटेत फुटली तर खोका उघडतानाचा फोटो दोन दिवसांत पाठवा, दुसरी पाठवू.