दिवेलागणीला म्हणायची प्रार्थना

(जनावरांना वैरण घालून झाली, हातपाय धुतले, की दोघांनी शेजारी बसून म्हणावी. घाई करू नये. मध्येच गळा दाटला तर थांबावं.)

दोघं:

ऐकणाऱ्या, आम्ही आलोय.

तुला कुठल्या नावानं हाक मारायची ते आज ठरवत नाही. आमच्यासाठी आईनं सौंदत्तीचा डोंगर चढला. शेजारच्या खालांनी दर्ग्यातला धागा आणून दिला. शाळेतल्या सिस्टरनी मेणबत्ती लावली. कुणी हात जोडले, कुणी पसरले, त्या सगळ्यांचं मागणं तुझ्यापाशीच आलं असेल. तेच आज आमच्या तोंडानं मागतो.

आम्हाला मूल हवंय.

लग्नाला अकरा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं आम्ही हसत काढली, म्हणालो होईल की. नंतरची कशी काढली ते तू बघितलंयस.

ती:

पाळी यायच्या आधीचे चार दिवस मी माझ्याच अंगाकडे कान लावून बसते. जरा मळमळलं तरी मन धावत सुटतं. मग पाळी येते, आणि मी न्हाणीत नळ सोडून रडते. बाहेर कुणाला ऐकू जात नाही, तुला जातं.

बारशाला मी जाते. ओटी भरायची वेळ आली की ताट माझ्या हातातून अलगद दुसरीकडे जातं. कुणी काही बोलत नाही. तो राग माझ्यात मुरू देऊ नकोस. त्या घरचं बाळ मांडीवर घेताना माझे हात आखडू देऊ नकोस, त्या लेकराचा काय दोष?

तो:

लोक हिलाच विचारतात. मला कुणी विचारत नाही, आणि मीही गप्प राहिलो. माझी तपासणी करून घ्यायला मी चार वर्षं लावली. तोवर सुया हिनं टोचून घेतल्या, उपास हिनं केले. कमी माझ्यातही निघाली. हे मी तुझ्यापुढे आणि हिच्यापुढे कबूल करतो. घरात पुन्हा विषय निघेल तेव्हा माझं तोंड उघडू दे.

दोघं:

तीन वर्षांपूर्वी नऊ आठवडे कुणीतरी आमच्यापाशी राहून गेलं. नाव ठेवायचं राहिलं, तेराव्याचा तर प्रश्नच नव्हता. त्याची आठवण काढायला आम्हाला जागा नाही, म्हणून इथे काढतो. जिथे असेल तिथे त्याला ऊब असू दे.

माळावर रताळ्याचे वेल लावतो. वर पान हिरवंगार असतं, खाली काय धरलंय ते कळत नाही. लहानपणी आम्ही चोरून माती उकरून बघायचो आणि म्हातारी माणसं ओरडायची, अरे, मुळं हालतात! ही नऊ वर्षं आम्ही रोज उकरतोय. तारखा मोजतो, एकमेकांचे चेहरे वाचतो, जवळ येतानासुद्धा कॅलेंडर बघतो. आमचे हात थोडे थांबव. आधी एकमेकांसाठी जवळ येता येऊ दे, जसं भाताच्या नट्टीच्या दिवसांत चिखलानं भरलेले घरी येऊन उगीच हसायचो तसं.

ज्या डॉक्टर आम्हाला तपासतात त्यांचं डोकं शांत ठेव. इंजेक्शन देणाऱ्या पोरीचा हात हलका राहू दे. पतसंस्थेतून काढलेलं कर्ज फेडायला पाऊस वेळेवर लागू दे. आणखी एकदा करायचं की थांबायचं, हे ठरवायची वेळ येईल. तेव्हा दोघांचं मन एका बाजूला वळव, आणि एकानं दुसऱ्याला ओढत नेलं असं होऊ देऊ नकोस.

येणारं मूल हिच्या कुशीतून येवो, की दुसऱ्या कुणाच्या कुशीतून जन्मून आमच्या दारात येवो. त्या दुसऱ्या वाटेबद्दल आम्ही अजून घरात बोललो नाही, पण मनात आहे. मुलगी असो, मुलगा असो. घरी आई म्हणू दे, गल्लीत खेळताना अव्वा म्हणू दे, दोन्ही हाकांना हीच ओ देईल.

आणि नाहीच आलं, तर... हे वाक्य आम्हाला पुरं करता येत नाही. तू समजून घे.

उद्या पहाटेच्या बसनं बेळगावला जायचंय. दुपारी रिपोर्ट मिळेल. तो हातात घेऊन जिन्यावर उभे असू तेव्हा आमच्याजवळ राहा.

आज रात्री दोघांना झोप लागू दे.