स्कूटरच्या अपघाती नुकसानीचा छायाचित्रांवरून केलेला प्राथमिक पाहणी अहवाल

विमाधारकाची ११० सीसी गिअरविरहित स्कूटर, जिची नोंदणी ठाणे येथे नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली आहे, १२ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी घोडबंदर रोडवर मानपाड्याजवळ पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर ब्रेक लावताना डाव्या कुशीवर घसरून पडली, असे दावा अर्जात म्हटले आहे. या अहवालासाठी घटनास्थळाची ३ आणि वर्कशॉपमधील ११ छायाचित्रे पाहिली.

डाव्या बाजूचे नुकसान अर्जातील हकिकतीशी जुळते. डावा आरसा दांड्यापासून तुटला आहे, डावा ब्रेक लिव्हर टोकाशी वाकला आहे, पुढचा इंडिकेटर फुटला आहे आणि डाव्या साइड पॅनलवर सुमारे वीतभर लांबीचे समांतर ओरखडे आहेत. सहाव्या छायाचित्रात हे ओरखडे अगदी जवळून दिसतात: ते पुढून मागे गेले आहेत, कडांना प्लास्टिकचे पांढरे तंतू उभे आहेत आणि खाचेत रस्त्याची ओली खडी अजून अडकलेली आहे. गाडी चालत असताना घसरल्याची आणि खरचटणे ताजे असल्याची ही खूण आहे. इंजिनाच्या डाव्या कव्हरवरही खरचटलेले आहे, मात्र तडा किंवा तेलगळती दिसत नाही. ते बदलण्याची गरज वाटत नाही.

उजव्या साइड पॅनलखालच्या पत्र्याला पडलेला पोचा या अपघातातील नाही. नवव्या छायाचित्रात त्याच्या तळाशी तपकिरी गंज आणि त्यावर वाळलेल्या धुळीचा थर स्पष्ट दिसतो, आणि काही तासांत असा गंज चढत नाही. वर्कशॉपच्या १८,४०० रुपयांच्या अंदाजपत्रकात उजवी बाजू सरळ करून रंगवण्याचे २,१०० रुपये धरले आहेत, ते वगळावेत. विमाधारकाने हे नुकसान लपवल्याचे मला म्हणायचे नाही, कारण घटनास्थळाच्या छायाचित्रातही त्यांनी ही बाजू झाकलेली नाही.

पुढच्या फोर्कबाबत मात्र छायाचित्रांवर विसंबून चालणार नाही. चौथ्या छायाचित्रात हँडल सरळ असताना पुढचे चाक किंचित डावीकडे वळलेले वाटते, पण छायाचित्र तिरकस कोनातून घेतलेले असल्याने तो भास असू शकतो. फोर्क वाकलेला असेल तर गाडी पुढच्या ब्रेकवर एका बाजूला ओढली जाईल, आणि त्याचा धोका थेट चालवणाऱ्याच्या जिवाला आहे. म्हणून चाक काढून फोर्कचे दोन्ही पाय व स्टिअरिंग बेअरिंग प्रत्यक्ष तपासावेत, आणि तोवर गाडी विमाधारकाच्या ताब्यात देऊ नये.

झीरो डेप्रिसिएशनचे संरक्षण पॉलिसीत नसल्याने प्लास्टिक व रबरी भागांवर ५० टक्के, तर गाडी दोन ते तीन वर्षांच्या टप्प्यात असल्याने धातूच्या भागांवर १५ टक्के घसारा लागू होईल; आरशाच्या काचेवर घसारा नाही. डावे साइड पॅनल, आरसा, लिव्हर आणि इंडिकेटर बदलण्यास मंजुरी द्यावी, अशी माझी शिफारस आहे. फोर्कची रक्कम तपासणीनंतर पूरक अहवालात नोंदवली जाईल, तोपर्यंत दावा बंद करू नये.